जनुकांची हातउसनवारी

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये रक्ताच्या आवेची मोठी साथ होती आणि तिच्यावर सल्फा औषधांचा मारा चालला होता. ती निष्प्रभ झाली म्हणून डॉक्टर नवी प्रतिजैविके वापरू लागले. १९५०च्या दशकात मात्र असे शिगेला जीवाणू सापडू लागले, जे सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चारही औषधांना एकदमच दाद देत नव्हते. जनुकात आपोआप बदल होऊन एका औषधाला प्रतिकार येणे ही कोटीत एखाद्या पेशीच्या नशिबी येणारी गोष्ट. चार बदल एकाच पेशीत एकदम? हिशेब जुळत नव्हता. शिवाय काही रुग्णांच्या आतड्यातल्या ई. कोलाय या अगदी वेगळ्या जीवाणूतही नेमका हाच चौपदरी प्रतिकार दिसत होता.

म्हणजे हा वारसा नव्हता, शेजाऱ्याकडून घेतलेली उसनवारी होती. पण ती झाली कशी?

अशी उसनवारी मुख्यतः तीन वाटांनी होते. ट्रान्स्फॉर्मेशनमध्ये मेलेल्या पेशीतून सांडलेला उघडा डीएनए दुसरी पेशी आत ओढून घेते. कॉन्जुगेशनमध्ये दोन जिवंत पेशी एकमेकींना भिडतात आणि एकीतून दुसरीत डीएनएचा धागा सरकतो. ट्रान्सडक्शनमध्ये मध्यस्थ असतो तो जीवाणूंवर जगणारा विषाणू, म्हणजे फाज. वाचताना तिन्ही स्पष्ट वाटतात. प्रयोगशाळेत मात्र हाती येतो तो फक्त परिणाम: कालपर्यंत औषधाने मरणारा जीवाणू आज मरत नाही. वाट कोणती, हे त्याच्या तोंडावर लिहिलेले नसते.

ती ओळखायची युक्ती इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या एका काचनळीत आहे. नळीच्या तळाशी बारीक गाळणी बसवायची. तिच्यातून द्रव जातो, डीएनए जातो, फाजही जातो. जीवाणू जात नाही. दोन भुजांत दोन वाण ठेवायचे आणि द्रव मागेपुढे ढकलत राहायचा. १९५० मध्ये बर्नार्ड डेव्हिस यांनी ई. कोलायवर हा प्रयोग केला. एकत्र वाढवल्यावर जनुकांची देवघेव करणारे हे वाण गाळणी मध्ये येताच थांबले. अंगाला अंग लागल्याशिवाय त्यांचा व्यवहार होत नव्हता. ही कॉन्जुगेशनची खूण.

दोन वर्षांनी नॉर्टन झिंडर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी साल्मोनेलात हेच शोधले, आणि त्यांचा अपेक्षाभंग झाला. गाळणी असूनही देवघेव चालूच! मग सांडलेला डीएनए असेल, असे म्हणावे तर त्याचीही परीक्षा होती. उघड्या डीएनएचे तुकडे करणारे डीएनेज हे विकर द्रवात घातले की ट्रान्स्फॉर्मेशन बंद पडते. १९४४ मध्ये एव्हरी आणि सहकाऱ्यांनी न्यूमोकोकसमध्ये ते दाखवले होते. इथे डीएनेजनेही काही फरक पडला नाही. म्हणजे डीएनए गाळणीतून जाण्याइतक्या लहान, पण बंद डबीत होता. ती डबी म्हणजे पी-२२ फाज.

घडत होते ते असे. एका वाणात हा फाज सुप्तावस्थेत दडून होता. त्यातले काही जागे होऊन गाळणीपलीकडे जात आणि तिथले जीवाणू फोडत. फुटताना नव्या फाजांच्या डोक्यात त्यांचा स्वतःचा डीएनए भरला जातो, पण क्वचित चुकून जीवाणूचाच तुकडा जातो. हा गफलतीचा माल परत अलीकडे येऊन पहिल्या वाणात शिरे. मला तिन्हींत हीच वाट सर्वात गमतीची वाटते, कारण ती सगळी भरताना झालेल्या चुकीवर चालते. मर्यादा डोक्याच्या मापाची: साल्मोनेलाच्या एकूण डीएनएच्या साधारण एक टक्क्याएवढाच तुकडा त्यात मावतो.

ही परीक्षाही बिनचूक नाही. पेशींच्या बाह्य पटलापासून सुटणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांतही डीएनए असू शकतो. त्याही गाळणीतून जातात आणि डीएनेजला चकवतात. म्हणून फाज सापडल्याशिवाय ट्रान्सडक्शनचा शिक्का मारता येत नाही.

जपानी संशोधकांनी प्रतिकारक ई. कोलाय आणि औषधाने मरणारा शिगेला एकत्र वाढवले, तेव्हा शिगेलात चारही प्रतिकार उतरले. नुसता गाळलेला द्रव दिला तर काहीच झाले नाही. वाट कॉन्जुगेशनची होती. चारही जनुके प्लास्मिड नावाच्या एकाच डीएनए-कड्यावर बसलेली होती, आणि पलीकडे जाण्याची यंत्रणाही त्याच कड्यावर होती. ट्रान्स्फॉर्मेशनने किंवा फाजने आलेला सुटा तुकडा टिकायचा तर बहुधा यजमानाच्या गुणसूत्रात त्याच्याशी जुळती जागा सापडावी लागते. प्लास्मिडला तशी जागा लागत नाही. ते आपली नक्कल आपणच काढते. त्यामुळे ई. कोलायकडचा अख्खा संच एका भेटीत शिगेलाकडे गेला आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदू लागला.