सनई खाली, निवेदन वर

बंगळुरूच्या चिकपेटमधल्या रेशमी साड्यांच्या दुकानांसाठी मी जाहिराती जोडू लागलो, तेव्हा डकिंग बोटांनीच व्हायचे. निवेदिका बोलू लागली की संगीताचा फेडर खाली, थांबली की वर. तीच जाहिरात कन्नड, हिंदी आणि मराठीत हवी असायची, आणि तिन्हीकडे वाक्ये वेगवेगळ्या ठिकाणी संपायची. म्हणजे तीनदा तोच खेळ.

पुढे ऑडॅसिटीतल्या 'ऑटो डक'ची ओळख झाली. निवेदनाचा ट्रॅक संगीताच्या लगेच खाली ठेवायचा. आवाज उणे 30 डेसिबलच्या वर गेला की ते संगीत 12 डेसिबलने उतरवते आणि एका सेकंदाच्या आतल्या विरामाकडे काणाडोळा करते. हा काणाडोळाच मोलाचा, नाहीतर प्रत्येक श्वासाला संगीत उसळते. 2018 मध्ये प्रीमियरमध्येही अशी सोय आली.

मी मात्र साइडचेन कंप्रेसरवर स्थिरावलो. त्यात निवेदनाची एक प्रत संगीताला दाबते, पण ती प्रत स्वतः ऐकू येत नाही. समजा तिची पातळी उणे 18, थ्रेशोल्ड उणे 30 आणि रेशो 8:1 आहे. आवाज 12 डेसिबलने वर आहे, म्हणून संगीत साडेदहाने खाली जाते. संगीत मुळातच निवेदनापेक्षा 10 डेसिबल हळू ठेवले, तर अंतर वीसच्या पुढे जाते. 2008 च्या वेब सुगम्यतेच्या निकषांत सर्वांत कडक पातळीवर पार्श्वसंगीतासाठी 20 डेसिबलच सांगितले आहेत. रिलीज 250 मिलिसेकंद ठेवला की शब्दाशब्दाला संगीत धापा टाकते. 600 ते 800 वर ते शांत होते.

खरा घोळ गल्लीने घातला. दुकानातच निवेदन रेकॉर्ड करायचे म्हटले की रिक्षाचा हॉर्न मायक्रोफोनमध्ये शिरणारच. मग कोणी बोलत नसतानाही संगीत दचकून खाली बसायचे. हॉर्न बोलण्याच्याच पट्टीत असल्यामुळे फिल्टरने तो निघत नाही, आणि मोठा असल्यामुळे गेटही त्याला अडवत नाही. उपाय सोपा निघाला: न ऐकू येणाऱ्या प्रतीतले विराम हाताने कोरे करायचे. शिवाय तीच प्रत 200 मिलिसेकंद आधी सरकवली की पहिला शब्द येण्याआधीच संगीत वाट मोकळी करते. नाहीतर सुरुवातीचे व्यंजन गिळले जाते, आणि भाव सांगताना 'सहा हजार'मधला 'स' गेला तर दुकानदार कोणावर चिडणार, हे सांगायला नको.

तरी लग्नाच्या साड्यांना सनईच हवी असते, आणि सनईचा जोर 2 ते 4 किलोहर्ट्‌झमध्ये, म्हणजे निवेदनातली व्यंजने जिथे उमटतात नेमका तिथेच. पातळी कितीही उतरवा, ती बोचतेच. त्यामुळे तेवढ्या पट्टीत चारेक डेसिबलचा काप देतो, आणि तोही फक्त निवेदन चालू असताना. मल्टिबँड कंप्रेसर ते काम करतो. मग फोनच्या स्पीकरवर, भर बाजारात ऐकून पाहतो. तिथे तबल्याचा खर्ज जातो, सनई मात्र जशीच्या तशी उरते.