पासपोर्ट चालू आहे, मग विमानात का नाही बसू दिलं? सहा महिन्यांचा हिशोब

ज्यांना कानात इयरफोन घालून ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातलं थोडं इकडंतिकडं केलंय, बाकी गप्पा त्याच.

गेल्या नोव्हेंबरात रात्री दीडच्या सुमारास माझा फोन वाजला. माझा मावसभाऊ. तो आणि वहिनी लग्नानंतरच्या पहिल्या मोठ्या ट्रिपला, बालीला, निघाले होते. संध्याकाळीच कोथरूडहून कॅब करून मुंबईला गेले होते. मला वाटलं, पोचल्याचा फोन असेल. दादा एवढंच म्हणाला, "अरे, आम्ही परत येतोय. एक्सप्रेसवेवर आहोत. पासपोर्ट चालत नाही म्हणतात."

आता गंमत बघा. पासपोर्ट चालू होता. मुदत संपायला जवळपास सहा महिने होते. तिकीट ऑगस्टमध्ये काढलेलं, पैसे कापले गेलेले, कन्फर्मेशनचा मेल आलेला. मग कुठं अडलं? तेच आज नीट उलगडून बघू.

'जवळपास सहा महिने' म्हणजे किती?

दादाचा पासपोर्ट १५ मे २०१६ रोजी दिलेला. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, म्हणून त्यावर मुदत छापलेली होती १४ मे २०२६. विमान १९ नोव्हेंबरच्या रात्रीचं, बालीत उतरणार २० नोव्हेंबर २०२५ ला.

इंडोनेशियाचा नियम असा, की तुम्ही त्यांच्या देशात पोचता त्या दिवसापासून पुढं पासपोर्ट किमान सहा महिने चालू पाहिजे. २० नोव्हेंबर अधिक सहा महिने म्हणजे २० मे २०२६. दादाचा पासपोर्ट १४ मेला संपतो. सहा दिवस कमी. बास, एवढंच.

दादाची चूक कुठं झाली? त्यानं मोजलं होतं, पण बुकिंग केलं त्या दिवसापासून. ऑगस्टमध्ये बघितलं तर मेपर्यंत नऊ महिने दिसत होते, म्हणून निवांत. पण हा हिशोब बुकिंगच्या तारखेपासून होत नाही. तुम्ही समोरच्या देशात पाऊल ठेवता ती तारीख धरायची. आणि रात्रीचं विमान असेल तर निघण्याची नव्हे, पोचण्याची तारीख, तिथल्या घड्याळाप्रमाणे. काठावरच्या पासपोर्टाला तो एक दिवससुद्धा महाग पडू शकतो.

मग बुकिंग झालंच कसं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लोकांनी विचारला. बऱ्याच ठिकाणी तिकीट काढताना नाव, जन्मतारीख आणि पैसे एवढंच लागतं. पासपोर्टाची माहिती नंतर भरली तरी चालते. काही वेबसाइट मात्र परदेशच्या बुकिंगला तिथल्या तिथं मुदतीची तारीख मागतात, आणि ती सहा महिन्यांच्या आतली दिसली की पुढं जाऊ देत नाहीत. म्हणजे एका ॲपवर तुमचं बुकिंग अडेल, दुसऱ्यावर आरामात होईल. झालं म्हणजे तुमचा पासपोर्ट पास झाला, असं अजिबात नाही.

खरी तपासणी होते चेक-इनला. काउंटरवरची ताई तुमचा पासपोर्ट मशीनवर ठेवते, तेव्हा मशीन वाचतं ते फोटोच्या पानाच्या तळाशी असलेल्या दोन ओळी. बाणासारख्या खुणा भरलेल्या त्या ओळी तुम्ही पाहिल्या असतील. खालच्या ओळीत पासपोर्ट नंबर, देश, जन्मतारीख आणि मुदतीची तारीख असते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. दादाच्या पासपोर्टावर ते असं होतं:

```
2605144
```

२६ म्हणजे २०२६, ०५ म्हणजे मे, १४ म्हणजे तारीख. शेवटचा ४ हा तपासणीचा आकडा. आधीच्या सहा आकड्यांना ओळीनं ७, ३, १, ७, ३, १ नं गुणायचं आणि बेरीज करायची. १४ + १८ + ० + ३५ + ३ + ४ = ७४. दहानं भागून उरतात ४. वाचताना एखादा आकडा चुकला तर ही बेरीज जुळत नाही आणि मशीनला कळतं.

हे एवढं सांगायचं कारण आहे. काही जण फॉर्म पुढं सरकावा म्हणून मुदतीची तारीख वाढवून टाकतात. प्लीज, हे करू नका. काउंटरवर मशीन तुम्ही टाईप केलेलं बघत नाही, छापलेलं बघतं. तुम्ही फक्त अडचण पुढं ढकलता, आणि तीही अशा वेळी, की जेव्हा दुरुस्त करायला हातात काहीच उरलेलं नसतं.

एअरलाइन इतकी कडक का?

दादाचं म्हणणं, "बालीवाले काय ते बघतील ना, यांना काय पडलंय?" पडलंय, कारण भुर्दंड त्यांना बसतो. कागदपत्रं पुरी नसलेला प्रवासी एखाद्या देशात उतरवला, तर त्याला परत न्यायची जबाबदारी एअरलाइनवर येते आणि बऱ्याच देशांत वर दंडही होतो. आपल्याकडंही २००० सालच्या कायद्यात असा प्रवासी आणणाऱ्या विमान कंपनीला १ लाख रुपये दंड ठेवला होता.

म्हणून विमान कंपन्या 'टिमॅटिक' नावाची यादी वापरतात. जगभरच्या विमान कंपन्यांची आयाटा ही संघटना ती चालवते. कोणत्या देशाचा पासपोर्ट, कुठं जाणार, मधे कुठं थांबणार, हे दिलं की तिथला नियम समोर येतो. काउंटरवरची ताई स्वतःच्या मनानं काही ठरवत नसते. तिच्या स्क्रीनवर 'नाही' आलं की तिच्याशी वाद घालून, रडून, मॅनेजरला बोलावून फारसं काही होत नाही. सहा दिवस असोत की एक दिवस.

तोच पासपोर्ट, दुसरा देश

आता मजेशीर भाग. समजा दादा त्याच तारखांना, तोच पासपोर्ट घेऊन दुसरीकडं निघाला असता तर?

सिंगापूर, मलेशिया, दुबई: तिथंही सहा महिन्यांचाच नियम, म्हणजे तिथंही अडला असता.

पॅरिस: युरोपातल्या शेंगेन देशांचा नियम वेगळा. तिथं मोजायचं ते परत निघण्याच्या दिवसापासून, आणि पुढं तीन महिने. २७ नोव्हेंबरला परत निघाला असता तर २७ फेब्रुवारीपर्यंत मुदत पुरे. पासपोर्ट मेपर्यंत आहे, म्हणजे मुदतीची अडचण नाही. व्हिसा अर्थातच वेगळा.

लंडन: तिथं राहण्याच्या काळापुरता पासपोर्ट चालू असला की पुरतं.

अमेरिका: मूळ नियम राहण्याच्या काळानंतर सहा महिन्यांचा. पण काही देशांना त्यातून सूट आहे आणि त्या यादीत भारत आहे. त्यामुळं मुक्काम संपेपर्यंत मुदत असली तरी चालतं.

आणि नेपाळला तर आपल्याला पासपोर्टच लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं.

म्हणजे पासपोर्ट 'चालतो' की 'नाही चालत' हे एकट्या पासपोर्टावर ठरत नाही, कुठं निघालात त्यावर ठरतं. म्हणून मित्रानं "माझा चार महिन्यांवर आलेला, तरी गेलो की" असं सांगितलं, तर आधी विचारा, कुठं गेला होतास?

यात अजून एक खाच आहे. स्वस्त पडतं म्हणून आपण दोन वेगवेगळी तिकिटं काढतो. पुणे किंवा मुंबई ते सिंगापूर एक, आणि तिथून पुढं दुसरं. अशा वेळी बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करायला सिंगापूरच्या इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागलं, तर मधल्या देशाचाही नियम तुम्हाला लागू होतो.

घरातला छोटा पासपोर्ट

फॅमिली ट्रिप अडते ती बऱ्याचदा पोरांमुळं. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, किंवा अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. आई-बाबांचा आणि बाळाचा पासपोर्ट एकाच दिवशी काढलेला असतो, म्हणून सगळे 'दहा वर्षं निवांत' समजतात. पण दोन वर्षांच्या पोरीचा पासपोर्ट ती सात वर्षांची झाली की संपतो, आणि बालीसाठी त्याच्याही सहा महिने आधी. बुकिंगच्या आधी घरातला प्रत्येक पासपोर्ट उघडून बघा.

मग करायचं काय?

आपल्याकडं मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून रीइश्यूचा अर्ज करता येतो. उरलेले महिने नव्या पासपोर्टात मिळत नाहीत, ते जातात. त्यामुळं लोक शेवटच्या दिवसापर्यंत ताणतात आणि तिथंच फसतात. दादाला मे २०२५ पासून अर्ज करता आला असता. ऑगस्टमध्ये बुकिंग करताना केला असता तरी हातात तीन महिने होते.

अर्ज passportindia.gov.in या सरकारी साइटवर किंवा mPassport Seva या ॲपवर करायचा. सारख्या दिसणाऱ्या खाजगी साइट पुष्कळ आहेत, त्यांना पैसे देऊ नका. ३६ पानी पासपोर्टाची फी १५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २००० रुपये. अपॉइंटमेंट घेऊन मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जायचं, गरज पडली तर पोलीस पडताळणी होते, आणि पासपोर्ट स्पीड पोस्टानं घरी येतो.

नवा पासपोर्ट आला की नंबर बदलतो, हे विसरू नका. तिकिटाच्या बुकिंगमध्ये नवा नंबर टाका. ई-व्हिसा आधी काढला असेल तर तो जुन्या नंबराला जोडलेला असतो, त्याचं काय करायचं ते त्या देशाच्या साइटवर बघा. जुन्या पासपोर्टात अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवायचे.

दादाचं पुढं काय झालं? तिकिटाचे पैसे गेले. पण भारतीय कंपनीचं तिकीट होतं, आणि आपल्या नियमाप्रमाणं प्रवास झालाच नाही तर 'नॉन-रिफंडेबल' तिकिटावरचेही सरकारी कर आणि विमानतळाचे आकार परत मागता येतात. त्यानं मागितले, थोडे मिळाले. वहिनीचा पासपोर्ट चांगला २०३१ पर्यंतचा होता. ती एकटी जाऊ शकत होती. नाही गेली, पण महिनाभर ऐकवलं मात्र खूप!

आता दादानं फोनच्या कॅलेंडरमध्ये दोन नोंदी केल्यात. मुदतीच्या बारा महिने आधी: 'अर्ज कर'. मुदतीच्या सहा महिने आधी: 'यानंतर कुठं उतरायचं नाही'. हे ऐकताय, वाचताय, तोवर फोन हातातच आहे. कपाटातला पासपोर्ट काढा आणि या दोन तारखा टाकून घ्या. भेटू पुढच्या भागात.