मोरपंखी नेमका कुठे संपतो?

नवरात्रात मोरपंखी रंगाचा दिवस आला की एकाच कार्यालयात पाच जणी पाच वेगळ्या साड्या नेसून येतात आणि प्रत्येकीच्या मते तिचीच साडी मोरपंखी असते. साडीच्या दुकानातही तेच होतं. एक जण ज्याला रामा म्हणतो त्याला दुसरा फिरोजी म्हणतो. मराठीत निदान ही नावं तरी रुळलेली आहेत. संगणकावर मात्र टील, टर्क्वॉइज आणि सायन ही तीन नावं समोर येतात आणि डोळा पुन्हा गोंधळतो.

हा गोंधळ सोडवायला एचएसव्ही ही पद्धत चांगली आहे. ॲल्व्ही रे स्मिथ यांनी ती १९७८ साली मांडली. पडद्यावरचा रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणातून होतो आणि प्रत्येकाला ० ते २५५ असा आकडा असतो. एचएसव्ही त्याच तीन आकड्यांवरून वेगळे तीन प्रश्न विचारते. रंगचक्रावर हा रंग कुठे बसतो, हे ह्यू सांगतो. तो किती गडद रंगलेला आणि किती करडा, हे सॅच्युरेशन सांगतं. किती उजळ, हे व्हॅल्यू. चक्र ३६० अंशांचं. त्यात लाल ० वर, हिरवा १२० वर आणि निळा २४० वर. आपलं भांडण चालतं ते १८० च्या आसपास, हिरव्या-निळ्याच्या बरोबर मध्यावर.

टर्क्वॉइजचं गणित करून पाहू. वेबपानांच्या प्रमाण यादीत त्याचा संकेत `#40E0D0` आहे, म्हणजे लाल ६४, हिरवा २२४, निळा २०८. सर्वांत मोठा आकडा हिरव्याचा, म्हणून सुरुवात १२० पासून. निळ्यातून लाल वजा केला की १४४ उरतात. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातलं अंतर १६०. १४४ ला १६० ने भागलं की ०.९, त्याला ६० ने गुणलं की ५४. ते १२० मध्ये मिळवले की ह्यू येतो १७४. म्हणजे टर्क्वॉइज मध्याच्या जरा अलीकडे, हिरव्याकडे झुकलेला.

आता सायन, `#00FFFF`. हिरवा आणि निळा दोन्ही २५५, त्यामुळे ह्यू नेमका १८०. आणि टील, `#008080`? तिथेही हिरवा आणि निळा सारखेच, प्रत्येकी १२८. ह्यू पुन्हा १८०! मला या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. टील आणि सायन नुसत्या ह्यूने कधीच वेगळे करता येणार नाहीत. सायनची व्हॅल्यू १०० टक्के, टीलची ५०. दिवा मंद केलेला सायन म्हणजेच टील. म्हणून ह्यू पाहून झाल्यावर व्हॅल्यू पाहायलाच हवी.

गणित टाळायचं असेल तर, लाल सर्वांत कमी असताना, फक्त हिरवा आणि निळा आकडा शेजारी ठेवावा. हिरवा मोठा असेल तर रंग १८० च्या आत, निळा मोठा असेल तर पलीकडे.

एका ठिकाणी मात्र ह्यूवर अजिबात भिस्त ठेवू नये. १२८, १३०, १३० हा रंग डोळ्याला निव्वळ करडा दिसतो, तरी त्याचा ह्यू १८० येतो. त्यातला निळा एकानेच कमी करून १२९ केला की ह्यू थेट १५० वर घसरतो. भागाकारात खालचं अंतर अवघं २ असल्यामुळे असं होतं. सॅच्युरेशन इतकं कमी असेल तर ह्यूचा आकडा वाचूच नये.

फोटोतला रंग मोजताना प्रकाशही फसवतो. वहिनीच्या साडीचा फोटो मी असाच तपासला. एका ठिकाणी लाल २०, हिरवा ११०, निळा ११८ आले. ह्यू १८५, म्हणजे साडी किंचित निळसर. वहिनींना ते पटेना. मग त्याच फोटोत मागे असलेली पांढरी भिंत मोजली, तर ती २१०, २२०, २३२ निघाली. खोलीतल्या उजेडामुळे आणि कॅमेऱ्यामुळे पांढराच निळसर झाला होता. साडीचा प्रत्येक आकडा भिंतीच्या त्याच आकड्याने भागला: हिरवा ०.५०, निळा ०.५१, लाल जेमतेम ०.१०. ढोबळ दुरुस्ती आहे ही, पण तिने ह्यू १८१ वर आला. साडी निळी नव्हती, टीलच होती.