रुपयाचं चिन्ह चौकोन का होतं? आणि ते परत कसं आणायचं?

समजा, एका गृहनिर्माण सोसायटीच्या सचिवांनी देखभाल खर्चाची नोटीस तयार केली. त्यांच्या लॅपटॉपवर ती ‘₹ २,५००’ अशी व्यवस्थित दिसत होती. तीच फाइल झेरॉक्सच्या दुकानात उघडली तर चिन्हाच्या जागी रिकामा चौकोन आला. अकाउंटंटच्या संगणकावर प्रश्नचिन्ह दिसलं, तर कुणाला ‘â‚¹’ अशी विचित्र अक्षरं दिसली. या सगळ्यांवर एकच उपाय सांगितला जातो, तो म्हणजे फॉन्ट बदला. पण यातल्या काही बाबतीत फॉन्ट बदलून काहीच होत नाही. चिन्हाऐवजी नेमकं काय दिसतंय, त्यावरून बिघाड कुठे आहे ते ओळखता येतं.

आधी चिन्ह कुठे राहतं ते पाहू

आयआयटी मुंबईत शिकलेल्या डी. उदय कुमार यांनी रेखाटलेलं ₹ हे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं. संगणकात मात्र कोणतंही अक्षर आधी आकडा म्हणून साठवलं जातं. जगभरातल्या अक्षरांना असे आकडे देणाऱ्या युनिकोडने ऑक्टोबर २०१० मध्ये ₹ साठी `U+20B9` हा क्रमांक ठरवला.

फाइलमध्ये फक्त हा क्रमांक असतो. त्याचं चित्र फॉन्टमध्ये असतं. म्हणजे चिन्ह नीट दिसायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात. फाइलमधला क्रमांक बरोबर हवा आणि फॉन्टमध्ये त्या क्रमांकाचं चित्र हवं. २०१० पूर्वी बनलेल्या आणि नंतर न सुधारलेल्या फॉन्टमध्ये हे चित्र असूच शकत नाही.

चौकोन दिसला तर

चौकोन म्हणजे क्रमांक शाबूत आहे, फक्त चित्र सापडत नाही. इथे फॉन्ट बदलण्याचा उपाय लागू पडतो. विंडोज ८ पासून येणारा `Nirmala UI` किंवा मोफत मिळणारा `Mukta` हे फॉन्ट ₹ दाखवतात. पूर्ण मजकुराचा फॉन्ट बदलायचा नसेल, तर फक्त त्या एका चिन्हाला हा फॉन्ट दिला तरी चालतं.

ब्राउझर आणि वर्ड बरेचदा हे काम गुपचूप करतात. निवडलेल्या फॉन्टमध्ये चित्र नसेल तर दुसऱ्या फॉन्टमधून उसनं आणतात. म्हणून तर एखाद्या मथळ्यात ₹ बाकीच्या आकड्यांपेक्षा बारीक किंवा जाड दिसतो. पण बिलं तयार करणारी काही सॉफ्टवेअर अशी उसनवारी करत नाहीत. पीडीएफमधल्या मूळ `Helvetica` सारख्या फॉन्टमध्ये ₹ नाही, त्यामुळे स्क्रीनवर बरोबर दिसणारं बिल पीडीएफ झाल्यावर बिघडतं. तिथे ₹ असलेला फॉन्ट पीडीएफमध्येच समाविष्ट करावा लागतो. फाइल दुसऱ्याला द्यायची असेल तर आपल्याच संगणकावर पीडीएफ करून, ती उघडून तपासून पाठवणं सर्वात सोपं.

‘`’ हे चिन्ह दिसलं तर

२०१० आणि २०११ मधल्या जुन्या पत्रकांत रकमेआधी तिरकी टिंबासारखी खूण दिसते, जसं ‘` ५००’. युनिकोडचा क्रमांक मिळण्याआधीच मंगळूरच्या फोरेडियन टेक्नॉलॉजीज या कंपनीने ₹ चा फॉन्ट मोफत दिला होता. त्यात कीबोर्डवर टॅबच्या वर असलेल्या ` या खुणेच्या जागी रुपयाचं चित्र बसवलं होतं. तो फॉन्ट असलेल्या संगणकावर रुपया दिसे, नसलेल्यावर मूळ खूण. फाइलमध्ये रुपया कधी नव्हताच, त्यामुळे नवा फॉन्ट लावून तो येणार नाही. इथे अक्षरच बदलावं लागतं.

वर्डमध्ये `Ctrl+H` दाबून वरच्या चौकटीत ` आणि खालच्या चौकटीत ₹ टाका. `More`, मग `Format` आणि `Font` मध्ये जाऊन खालच्या चौकटीला `Nirmala UI` हा फॉन्ट द्या. हे विसरलात तर नव्या चिन्हालाही जुनाच फॉन्ट चिकटून राहतो. जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमधल्या मजकुरालाही हाच न्याय लागतो, कारण त्यांतही दिसणारं अक्षर आणि साठवलेला क्रमांक वेगळे असतात.

‘â‚¹’ दिसलं तर

इथे फॉन्टचा दोष नाही. यूटीएफ-८ या पद्धतीत ₹ हा `E2 82 B9` अशा तीन बाइटमध्ये लिहिला जातो. वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने जुनी विंडोज पद्धत धरली, तर प्रत्येक बाइट वेगळं अक्षर समजलं जातं आणि एकाची तीन अक्षरं होतात. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की हा प्रकार हमखास भेटतो.

अशी फाइल सेव्ह न करता बंद करा. मग एक्सेलमध्ये `Data` मधून `From Text/CSV` निवडा आणि `File Origin` मध्ये `65001: Unicode (UTF-8)` ठेवा. चिन्ह परत येतं, कारण मूळ बाइट तसेच आहेत.

‘?’ दिसलं तर

हा सर्वात वाईट प्रकार. ₹ ला जागाच नसलेल्या जुन्या पद्धतीत फाइल सेव्ह झाली की सॉफ्टवेअर तिथे खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहून टाकतं. मूळ क्रमांक पुसला गेलेला असतो. मूळ प्रत शोधणं किंवा हाताने दुरुस्त करणं एवढंच उरतं. मजकुरातली खरी प्रश्नचिन्हंही बदलली जाऊ नयेत म्हणून सरसकट बदल करू नका.

नेमकं काय आहे याची शंका असेल तर वर्डमध्ये एक चाचणी करता येते. संशयित खुणेच्या लगेच पुढे कर्सर ठेवून `Alt+X` दाबा. `20B9` आलं तर क्रमांक बरोबर आहे, फक्त फॉन्ट बदला. `0060` आलं तर ती जुनी ` खूण आहे. `003F` आलं तर रुपयाचं प्रश्नचिन्ह झालेलं आहे. पुन्हा `Alt+X` दाबलं की खूण परत येते.

चिन्ह नव्याने टाकायचं असेल तर वर्डमध्ये `20B9` लिहून `Alt+X`, किंवा विंडोजच्या `English (India)` कीबोर्डवर `Ctrl+Alt+4`. वेबपानावर असं लिहितात:

```
₹ 2,500
```

चिन्ह कधी टाळावं?

दुकानातल्या पावतीच्या छोट्या प्रिंटरमध्ये बरेचदा स्वतःचा ठरावीक अक्षरसंच असतो. त्यात ₹ नसेल तर संगणकातला फॉन्ट बदलून उपयोग होत नाही. साध्या एसएमएसच्या मूळ अक्षरसंचातही ₹ नाही. तो एकदा जरी आला तरी पूर्ण संदेश युनिकोडमध्ये जातो आणि एका संदेशाची मर्यादा १६० अक्षरांवरून ७० वर येते. इंग्रजी संदेशात `Rs.` लिहिण्याने हे टळतं.

मराठी मजकुरात ‘रु.’ हा पर्याय कुठल्याही देवनागरी फॉन्टमध्ये दिसतो. परदेशी व्यवहारात `INR` लिहावं, कारण `Rs.` पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंकेतही चालतं. त्याच कारणाने ₨ हे जुनं चिन्हही ₹ चा पर्याय म्हणून वापरू नये. त्याचा क्रमांक `U+20A8` आहे, त्यामुळे फाइलमध्ये ₹ शोधल्यावर ते सापडतही नाही.