सळईचा रोध, तारांना वगळून

एक मीटर लांब, शंभर चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची सळई घ्या. तिचा रोध साधारण १७२ मायक्रोओहम, म्हणजे एका ओहमचा पाच हजारावा भागही नाही. ती मोजायला एक चौरस मिलिमीटर जाडीची मीटरभर तार जोडली, तर त्या तारेचाच रोध सळईच्या शंभरपट भरतो. साध्या व्हीटस्टोन ब्रिजवर मग सळईऐवजी तारच मोजली जाते.

ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८६०च्या सुमारास यावर दुहेरी ब्रिजचा तोडगा काढला. यात अज्ञात रोध X आणि प्रमाणित रोध S एका जाड पट्टीने जोडून दोघांतून तोच मोठा प्रवाह सोडतात. दोघांनाही चार-चार टोके असतात: प्रवाहासाठी दोन आणि आतल्या बाजूला विद्युतदाब मोजण्यासाठी दोन. त्यामुळे प्रवाह आणणाऱ्या तारांचा रोध मोजणीत येतच नाही. दाबाच्या टोकांपासून निघालेल्या तारा शेकडो ओहमच्या भुजांना मिळतात, तिथे त्यांचे काही मिलिओहम नगण्य ठरतात.

उरते ती मधली पट्टी, आणि खरी खुबी इथेच आहे. बाहेरच्या भुजा P आणि Q. पट्टीच्या दोन्ही बाजूंना सांधणाऱ्या आतल्या भुजा p आणि q. गॅल्व्हानोमीटर दोन्ही जोड्यांच्या मधल्या बिंदूंमध्ये असतो. पट्टीवर पडणारा दाब p आणि q आपापल्या प्रमाणात वाटून घेतात. काटा शून्यावर असताना P वरचा दाब X आणि p वरच्या दाबांच्या बेरजेइतका असतो, तर Q वरचा S आणि q वरच्या दाबांच्या बेरजेइतका. आता p:q हे प्रमाण नेमके P:Q इतकेच ठेवले, तर पट्टीचा दाबही त्याच प्रमाणात दोन्हीकडे वाटला जातो आणि वजाबाकीत निघून जातो. उरते ते एवढेच:

X/S = P/Q

वरील सळईसाठी S एक मिलिओहम असेल, तर ०.१७२ या प्रमाणावर काटा शून्यावर येतो.

प्रमाणे तंतोतंत जुळली नाहीत, तर? पट्टीचा रोध ५०० मायक्रोओहम आणि आतले प्रमाण हजारात एकाने चुकलेले असेल, तर उत्तरात ०.०७ मायक्रोओहमच्या आसपास चूक येते. पट्टी पाच मिलिओहमची असेल तर चूक दसपट होते, म्हणून पट्टी आखूड आणि जाड हवी. प्रमाणांची तपासणीही सोपी आहे: संतुलन साधल्यावर पट्टी क्षणभर काढायची. काटा हलला, तर p आणि q दुरुस्त करायला हवेत.

एक अडचण मात्र ब्रिजची रचना सोडवत नाही. वेगवेगळ्या धातूंचे सांधे तापले की स्वतःच सूक्ष्म दाब निर्माण करतात. त्यासाठी प्रवाहाची दिशा उलटून दुसरे वाचन घेतात आणि दोहोंची सरासरी काढतात.