सिरका, सोडा, लिंबू आणि मीठ : कोणत्या कापडाला काय चालते?



आपल्या स्वयंपाकघरातल्या चार वस्तू कपड्यांच्या औषधाच्या कपाटातही बसल्या आहेत. सिरका म्हणजे खोमेत्स, खायचा सोडा, लिंबू आणि मीठ. फोनवर रोज कोणी ना कोणी पाठवतं, "हे लावा, डाग गायब!" पण कापड कोणतं, ते कोणीच सांगत नाही. मी आयुष्यभर नर्स होते. एकच गोळी सगळ्या पेशंटना देत नाहीत, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षातच शिकवतात. कापडाचंही तसंच आहे.

आधी एक छोटी गोष्ट समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. सिरका आणि लिंबू ही आम्लं, म्हणजे आंबट. खायचा सोडा अल्क, म्हणजे आंबटाच्या उलट. साबण आणि धुण्याची पावडरही अल्कच. मीठ दोन्हींत नाही.

कापडाचेही मुख्य दोन गट आहेत. सुती (लेबलवर कुत्ना) आणि लिनन (पिश्तान) झाडापासून येतात. त्यांना सोडा, साबण चांगला सोसतो, पण आंबट फार वेळ राहिलं तर त्यांचा धागा कमजोर होतो. लोकर (त्सेमेर) आणि रेशीम (मेशी) प्राण्यांपासून येतात, आपल्या केसांसारखेच ते प्रथिनाचे. त्यांचं बरोबर उलटं. थोडं आंबट त्यांना चालतं, अल्क त्यांना मारतो. पॉलिएस्टरला या चारांपैकी कशाचं फारसं काही वाटत नाही.

लेबल कापून टाकलेलं असेल तर आतल्या शिवणीतले दोनतीन धागे काढा, चिमट्यात धरून सिंकवर जाळून पाहा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरडली तर लोकर किंवा रेशीम. कागद जळाल्यासारखा वास आला तर सुती किंवा लिनन. वितळून टणक मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. हात थरथरत असेल तर हे काम नातवाला सांगा.

हळद सगळं दाखवते

आंबट आणि अल्क यांतला फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर हळदीसारखी मास्तरीण नाही. पिवळ्या हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो, हे आपण सगळ्याजणींनी पाहिलं आहे. लिंबू पिळलं की परत पिवळा. हळदीत चुना घालून कुंकू करायचे, ते याच गुणामुळे. म्हणजे डाग लाल झाला तर तिथे अल्क आहे, इतकंच समजायचं.

आमच्या शेजारच्या बाईंकडे मेहंदी होती. जेवताना माशाचं कालवण सांडलं, अर्धं पांढऱ्या सुती टेबलक्लॉथवर, अर्धं त्यांच्या रेशमी साडीच्या पदरावर. घाईत कोणीतरी दोन्हींवर खायच्या सोड्याची पेस्ट फासली. रात्री त्यांचा मला फोन. "अगो ताई, डाग रक्तासारखा लाल झाला, साडी गेली का माझी?" डाग एक, हळद एक, पण दोन कापडांचे दोन उपचार करावे लागले.

टेबलक्लॉथला सोड्याने काही अपाय केला नव्हता, उलट मदतच केली. हळदीचा रंग साध्या पाण्यात विरघळत नाही, अल्कात जास्त सुटतो. म्हणून आम्ही एक लिटर थंड पाण्यात एक मोठा चमचा सोडा विरघळवला आणि डागाचा भाग अर्धा तास त्यात बुडवून ठेवला. मग धुण्याची पावडर लावून चोळलं आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळलं. फिकट पिवळं राहिलंच. ते उन्हात घातलं. हळदीचा रंग उजेडाने उडतो, आणि आपल्या इथल्या उन्हाची काय वाण? दोन दिवस घातलं, रोज थोडं ओलं करून. डाग गेला. त्याआधी त्याला इस्त्री किंवा ड्रायरची उष्णता लावली नाही, कारण उष्णतेने कालवणातलं तेल आणि रंग दोन्ही धाग्यात बसतात.

साडीचं काम नाजूक होतं. रेशमावर सोडा राहिला तर त्याची चमक मरते, धागा खरखरीत आणि कच्चा होतो. म्हणून पहिलं काम, अल्क काढणं. कोरडी पेस्ट मऊ ब्रशने झटकली, घासली नाही. मग एक वाटी थंड पाण्यात एक छोटा चमचा पांढरा सिरका मिसळला. आधी निऱ्यांच्या आतल्या टोकावर दोन थेंब टाकून पाच मिनिटं पांढरं फडकं दाबून ठेवलं. फडक्याला साडीचा रंग लागला नाही, तेव्हाच पुढे गेलो. पदराखाली फडकं ठेवून वरून ओल्या कापसाने हलके टिपलं. लाल डाग डोळ्यांदेखत पिवळा झाला, म्हणजे सोड्याचा जोर संपला. मग साध्या पाण्याच्या कापसाने तीनचारदा टिपून सिरका काढला आणि साडी सावलीत पसरली. उन्हात नाही, कारण उन्हाने रेशीमही पिवळं पडतं आणि कमजोर होतं.

पिवळा डाग तसाच होता. सिरक्याने हळद जात नाही, फक्त तिचा रंग पालटतो. पुष्कळजणी इथेच फसतात. लाल जाऊन पिवळं आलं की वाटतं डाग निघायला लागला, आणि त्या आणखी सिरका ओततात. आम्ही थांबलो. साडी ड्रायक्लीनरकडे दिली आणि त्याला स्पष्ट सांगितलं : हळद आहे, तेल आहे, सोडा लागला होता, सिरक्याने टिपलं आहे. डॉक्टरला आधीची औषधं सांगतो, तसं. डाग बराच फिकट झाला, अगदी जवळून पाहिलं तर सावली दिसते. साडी मात्र शाबूत आहे.

एक गोष्ट जरीची. साडीला जर असेल तर लिंबू-मीठ किंवा सिरका-मीठ तिच्या जवळपासही नेऊ नका. तांब्याचा हंडा आपण लिंबू-मीठ लावून घासायचो, आठवतं? त्याने तांब्यावरचा थर निघतो. पुष्कळ जरीत तांब्याची तार असते, वर नुसता पातळ मुलामा. हंड्याचं जे होतं तेच तिचंही होईल, पण हंडा जाड असतो आणि तार केसासारखी.

लिंबू आणि मीठ कुठे कामाचं?

पांढऱ्या सुती कापडावरच्या गंजाच्या डागाला. आमच्या नर्सच्या कॅपला पिना लावलेल्या असायच्या, त्यांच्या गंजाचे तपकिरी ठिपके पडायचे. तिथे साबण काही करत नाही, आणि ब्लीच, म्हणजे अकोनोमिका, लावली तर गंज आणखी पक्का होतो. लिंबातलं आम्ल मात्र लोखंडाला धरून पाण्यात ओढून घेतं. डागावर मीठ पसरा, वर लिंबू पिळा, अर्धा तास ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. गेला नाही तर पुन्हा करा.

फक्त त्याला वाळू देऊ नका. "लिंबू लावून उन्हात टाका" हा सल्ला सगळीकडे फिरतो. पाणी उडून जातं, आम्ल मागे राहतं आणि घट्ट होत जातं. सुती धागा त्याने कुजल्यासारखा होतो. त्या दिवशी काही दिसत नाही. दोनचार धुण्यांनंतर नेमक्या तिथेच भोक पडतं आणि आपण मशीनला दोष देतो. रंगीत कापडावर लिंबू लावलं तर रंगही उडू शकतो.

दुकानात "मेलख लिमोन" मिळतं, त्याच्या नावाला फसू नका. नाव लिंबाचं मीठ असलं तरी ते मीठ नव्हे, ते शुद्ध लिंबाचं आम्ल आहे, आणि लिंबाच्या रसापेक्षा कितीतरी कडक. तसंच खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा वेगळे. धुण्याचा सोडा फार तीव्र असतो, तो लोकर-रेशमाला कधीच नको.

नुसत्या मिठाचा माझ्या अनुभवातला खरा उपयोग ताज्या रक्ताला. थंड पाण्यात एक चमचा मीठ घालून भिजवायचं, मग साध्या थंड पाण्याने धुवायचं. गरम पाणी मुळीच नको. अंडं उकळल्यावर घट्ट होतं, तसं रक्तातलं प्रथिन उष्णतेने धाग्यात घट्ट बसतं. किद्दूशचं द्राक्षांचं शरबत सांडलं तर मीठ पसरावं, पण तेही लगेच. मीठ ओल शोषून घेतं, डाग खात नाही. वाळलेल्या डागावर मीठ टाकून काही होत नाही.

आणि नव्या सुती कपड्याचा रंग जाऊ नये म्हणून मीठ किंवा सिरक्यात भिजवणं? आपल्या आया करायच्या, पण त्याने तयार कापडाचा रंग पक्का होत नाही. पाण्यात जाणारा रंग जाणारच. तो कपडा थंड पाण्यात वेगळा धुणं हाच उपाय.

लोकरीला सिरका

लोकरीचं तालित किंवा स्वेटर हाताने धुताना पाणी कोमट, साबण लोकरीचाच, चोळणं-पिळणं नाही. शेवटच्या पाण्यात, पाच लिटरला दोन मोठे चमचे पांढरा सिरका घाला, मग एकदा साध्या पाण्यातून काढा. राहिलेला साबण आणि पाण्यातला चुना सुटतो, लोकर मऊ राहते. सफरचंदाचा किंवा लाल सिरका नको, त्याचाच डाग पडतो. घामाचा वास घालवायला खायचा सोडा सुती बनियनला, टॉवेलला चालेल. लोकरीला नाही.

कधीही एकत्र करू नका

सोडा आणि सिरका एकत्र केले की फेस येतो आणि वाटतं फार जोरात काम चाललं आहे. खरं तर दोघं एकमेकांना संपवतात. उरतं ते जवळजवळ नुसतं पाणी. यात पैसे वाया जातात, एवढंच नुकसान.

पण सिरका किंवा लिंबू आणि अकोनोमिका एकत्र झाले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. डोळे झोंबतात, खोकला सुटतो, छाती आवळते. ज्यांना दमा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांना लहानशा न्हाणीघरात हे जिवावर बेतू शकतं. एकदा ब्लीच लावलेलं कापड पूर्ण धुऊन झाल्याशिवाय त्यावर आंबट काही लावू नका. चुकून वास आलाच तर बादली तिथेच सोडून बाहेर मोकळ्या हवेत या, दार उघडं टाका. श्वास लागला तर मागेन दाविद आदोमला 101 वर फोन करा. कपड्याचं नंतर पाहता येईल.