शेवटची पायरी कोरी ठेवा

नववीतल्या एका मुलीच्या वहीत मी H₂ + O₂ → H₂O हे समीकरण पाहिलं. डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू, उजवीकडे एकच. तिने उजवीकडच्या O च्या पायाशी बारीकसा 2 लिहिला आणि समोर बरोबरची खूण केली. दोन्हीकडे हायड्रोजन दोन, ऑक्सिजन दोन, हिशेब चोख जुळला. फक्त पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड झालं होतं! मुलगी गणितात कच्ची नव्हती. कोणत्या आकड्याला हात लावायचा आणि कोणत्याला नाही, हे तिला कुणी थांबून दाखवलं नव्हतं. रेणूच्या सूत्रातला, पायाशी लिहिलेला आकडा पदार्थ कोणता ते ठरवतो, म्हणून तो बदलता येत नाही. सूत्राच्या आधी लिहायचा आकडा म्हणजे त्या पदार्थाचे किती रेणू, आणि आपल्या हातात तेवढाच असतो.

वर्गात बहुतेक वेळा असं होतं की फळ्यावर दोन समीकरणं सोडवून दाखवली जातात आणि लगेच स्वाध्याय येतो. ज्याला नीट समजलेलं नाही ते मूल मग आकडे घालून पाहत बसतं. कधी उत्तर जुळतंही, पण त्याचं सगळं लक्ष त्या चाचपडण्यात खर्च झालेलं असतं आणि रीत मनात उतरतच नाही. ऑस्ट्रेलियातल्या जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५मध्ये बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत हेच पुढे आलं. नवशिक्यांनी सोडवलेली उदाहरणं अभ्यासली तर तशाच प्रकारची पुढची गणितं ते लवकर आणि कमी चुका करून सोडवतात. पण नुसती उदाहरणं वाचूनही भागत नाही. दोन्हींच्या मधे पूल हवा, आणि तो कसा बांधायचा हे स्वयंपाकघरातल्या गॅसवरच पाहू.

सिलिंडरमधल्या गॅसमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात. सुरुवात प्रोपेनने करायची, आणि हे पहिलं उदाहरण मुलापुढे पूर्ण सोडवून ठेवायचं.

C₃H₈ + O₂ → CO₂ + H₂O

आधी कार्बन. डावीकडे तीन, म्हणून उजवीकडे 3CO₂. मग हायड्रोजन. डावीकडे आठ आहेत आणि पाण्याच्या एका रेणूत दोन मावतात, म्हणून 4H₂O. आता उजवीकडचा ऑक्सिजन मोजायचा. कार्बन डायऑक्साइडमध्ये सहा, पाण्यात चार, एकूण दहा. डावीकडे तो जोडीनेच येतो, म्हणून 5O₂.

C₃H₈ + 5O₂ → 3CO₂ + 4H₂O

दुसरं उदाहरण पेंटेनचं. यात सगळं लिहून द्यायचं, फक्त शेवटची पायरी सोडून.

C₅H₁₂ + __O₂ → 5CO₂ + 6H₂O

मुलाने दहा आणि सहा मिळून सोळा मोजायचे आणि 8 लिहायचा. एवढंच काम आहे, पण ते करताना आधीच्या दोन पायऱ्या त्याच्या नजरेखालून जातात. तिसऱ्यात मिथेन, म्हणजे पाइपने घरी येतो तो गॅस. इथे फक्त कार्बनची पायरी झालेली द्यायची, पाणी आणि ऑक्सिजन मुलाचे: CH₄ + __O₂ → CO₂ + __H₂O. चौथ्यात हेप्टेन, आणि त्यात नुसती सूत्रं: C₇H₁₆ + O₂ → CO₂ + H₂O. आता तिन्ही पायऱ्या त्याच्याच.

कोरी जागा शेवटाकडून सुरुवातीकडे सरकवावी. जर्मनीतले अलेक्झांडर रेंकल, अमेरिकेतले रॉबर्ट अ‍ॅटकिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२मध्ये अशा सरकत्या उदाहरणांचा अभ्यास केला, तेव्हा शेवटाकडून पायऱ्या काढण्याची पद्धत त्यांना अधिक फायद्याची आढळली. कारण समजायला सोपं आहे. पहिलीच पायरी कोरी असेल तर तिथे अडलेल्या मुलाला पुढच्या पायऱ्या वाचून काही उमगत नाही. शेवटची कोरी असेल तर तिथवरची वाट त्याच्यासमोर असते.

प्रत्येक कोऱ्या जागेसोबत मी एक प्रश्न जोडते: ऑक्सिजन शेवटी का? उत्तर असं की उजवीकडे तो दोन पदार्थांत विभागलेला आहे, पण डावीकडे एकटा आहे. O₂ च्या आधीचा आकडा बदलला तर कार्बन किंवा हायड्रोजनचा जुळलेला हिशेब मोडत नाही. हे ज्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येतं त्याची पुढची पायरी खुशाल काढावी. ज्याने पेंटेनपुढे 5 लिहिला त्याने प्रोपेनकडे पाहून उतरवलं आहे, आणि त्याला पुढे न ढकलता त्याच पायरीवर आणखी एक उदाहरण द्यावं. काहीजण 4H₂O मधले हायड्रोजन चार आणि दोन मिळून सहा मोजतात. त्यांना पाण्याचे चार रेणू कागदावर काढायला सांगितले की आठ हायड्रोजन आपोआप दिसतात.

आता ब्युटेन. हे मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. कार्बन चार, म्हणून 4CO₂. हायड्रोजन दहा, म्हणून 5H₂O. ऑक्सिजन आठ आणि पाच मिळून तेरा, आणि तेराच्या जोड्या लागत नाहीत. साडेसहा O₂ लिहावे लागतात. इथे चांगली चांगली मुलं थांबतात, आणि आपली बाकीची पायरी चुकली असावी असं समजून सगळं खोडतात. खरं तर काहीच चुकलेलं नाही. साडेसहाची दुप्पट तेरा, आणि त्याबरोबर समीकरणातला प्रत्येक आकडा दुप्पट.

2C₄H₁₀ + 13O₂ → 8CO₂ + 10H₂O

ही अडचण नवी आहे, म्हणून मदतही परत आली पाहिजे. हेप्टेन एकट्याने सोडवलं म्हणून ब्युटेनही सुटेल असं धरून चालणं ही शिकवणाऱ्याची चूक ठरते. ब्युटेन पूर्ण सोडवून दाखवावं, मग इथेन साडेतीनपर्यंत आणून द्यावं आणि दुप्पट करणं तेवढं मुलावर सोडावं. फक्त ऑक्सिजन दुप्पट करून बाकीचं तसंच ठेवणारी मुलं असतातच, आणि दोन्हीकडचे ऑक्सिजन पुन्हा मोजायला लावले की त्यांची चूक त्यांनाच सापडते. उलट, ज्या मुलाला हे येऊ लागलं त्याच्यापुढे सोडवलेली उदाहरणं ठेवत राहू नये. त्याला ती वाचण्याचाच जास्त त्रास होतो.

कार्बन, हायड्रोजन, शेवटी ऑक्सिजन हा क्रम अशा इंधनांच्या ज्वलनापुरता आहे, हेही मुलांना स्पष्ट सांगावं. तांबं नायट्रिक आम्लात टाकलं की आम्लातला काही नायट्रोजन तांब्याच्या क्षारात जातो आणि काही तपकिरी धुरात. तिथे हा क्रम उपयोगी पडत नाही. त्या समीकरणांसाठी वेगळी रीत आहे, आणि तिची उदाहरणंही पुन्हा पूर्ण सोडवलेल्यापासून सुरू करावी लागतात.

घरात नववी-दहावीचं मूल असेल तर हे शेवटचं समीकरण त्याला कोऱ्या कागदावर द्या. गॅस वेल्डिंगच्या ज्योतीत जळतो तो अ‍ॅसिटिलीन: C₂H₂ + O₂ → CO₂ + H₂O. बरोबर सुटलं आणि आकडे पूर्णांकात लिहिले, तर दोन्ही बाजूंना ऑक्सिजनचे दहा अणू येतील.